चुकीचा दर, दुसऱ्याचा जीएसटी नंबर: एक बिल दुरुस्त करून घेताना

सेलूला आमचं ठिबक-तुषारच्या सामानाचं दुकान आहे. काउंटर माझे दीर सांभाळतात. बिलं, बँक आणि जीएसटीचं सगळं माझ्याकडे असतं. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेलं एक खरेदीचं बिल दोन्हीकडून चुकलेलं निघालं. कराचा दर जुना लावलेला, आणि घेणाऱ्याच्या जागी जीएसटी नंबर दुसऱ्याच दुकानाचा. ते नीट व्हायला २६ सप्टेंबरपासून १४ नोव्हेंबरपर्यंतचा काळ गेला. त्या काळात काय केलं, कुठे अडलं आणि कशामुळे सुटलं ते तारखांसकट लिहून ठेवते.

३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी कौन्सिलची बैठक झाली आणि ठिबक, तुषार, त्याच्या नोझल यांचा कर २२ सप्टेंबरपासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर येणार हे कळलं. शेतकरी दुसऱ्याच दिवसापासून विचारायला लागले, "वहिनी, बावीस तारखेनंतर घेतलं तर किती कमी पडेल?" आम्हीही खरेदी थांबवली. रब्बीच्या तोंडावर माल तर लागणार होता, म्हणून १६ सप्टेंबरला छत्रपती संभाजीनगरच्या आमच्या नेहमीच्या स्टॉकिस्टला फोनवर ऑर्डर दिली आणि एक लाख रुपये ॲडव्हान्स पाठवले. माल बावीसच्या नंतर भरा, असं तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं. हे व्हॉट्सॲपवर लिहिलेलं होतं आणि पुढे उपयोगी पडलं.

२४ तारखेला माल निघाला. ते दिवस मराठवाड्यात कुणी विसरणार नाही. नद्या-ओढे भरून वाहत होते, रानात कापूस-सोयाबीन पाण्यात उभं होतं. गाडी वाटेत रात्रभर थांबली. २५ ला दुपारी ड्रायव्हरचा फोन आला, "माल परतूरला उतरवायचा का सेलूला?" मी म्हटलं, सेलूलाच, बिल्टीवर लिहिलंय की, आणि फोन ठेवला. त्याने असं का विचारलं, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. त्याच्या हातातल्या ई-वे बिलावर, म्हणजे मालाच्या वाहतुकीसाठी पोर्टलवरून काढलेल्या कागदावर, परतूर होतं.

संध्याकाळी सातला गाडी आली. पावसात बंडल आत घेताना बिल कुणी वाचलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, २६ तारखेला, टॅलीत चढवायला बसले तेव्हा आधी दर दिसला. सोळा एमएमच्या इनलाइन नळीचे ३८ बंडल, दर ४,१००, म्हणजे १,५५,८००. तुषारच्या नोझल ९०, दर ३४०, म्हणजे ३०,६००. दोन्ही मिळून १,८६,४०० आणि त्यावर सीजीएसटी ६ टक्के, एसजीएसटी ६ टक्के. कर २२,३६८. पाच टक्क्यांनी तो ९,३२० व्हायला हवा होता. फरक १३,०४८ रुपयांचा. खाली पीव्हीसी पाइपचे ३२,५०० होते, त्यावर १८ टक्के, ते बरोबर होतं. बिलाची एकूण रक्कम २,४७,११८.

मग वर पाहिलं. घेणाऱ्याचं नाव आमचंच. आमच्या दुकानाला देवाचं नाव आहे आणि त्या नावाची कृषी दुकानं प्रत्येक तालुक्यात सापडतात. पण पत्ता परतूरचा, जिल्हा जालना. जीएसटी नंबर जुळवला तर आमचा नव्हता. महाराष्ट्रातला प्रत्येक नंबर २७ नेच सुरू होतो, त्यामुळे सुरुवात बघून काही कळत नाही. त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन, ती जुळवावी लागतात. तिथे सगळंच वेगळं होतं. स्टॉकिस्टकडच्या मुलाने यादीतून एकाऐवजी दुसरं सारख्या नावाचं खातं निवडलं होतं, इतकंच घडलं होतं. पण त्या एका क्लिकमुळे आमच्या खरेदीचं करक्रेडिट, म्हणजे आपल्याला भरायच्या करातून वजा होणारी रक्कम, दुसऱ्या माणसाच्या खात्यात जाऊन बसणार होतं. पोटात गोळा आला.

लगेच फोन केला. तिथले अकाउंटंट आवाजाने ओळखतात. ते म्हणाले, "वहिनी, दर बरोबरच आहे. तुमचा ॲडव्हान्स सोळाला आला ना, मग जुनाच टॅक्स लागतो. आणि आमचा तो माल आम्ही पण बारानेच घेतलेला आहे. नंबरचं म्हणाल तर बिल पाठवून द्या, पेनने दुरुस्त करून शिक्का मारून देतो."

या तिन्ही गोष्टी ऐकायला पटण्यासारख्या होत्या. आधी पेन-शिक्क्याचं सांगते. हा स्टॉकिस्ट ई-इनव्हॉइस करतो. वर्षाची उलाढाल पाच कोटींच्या वर गेलेल्यांना ते सक्तीचं आहे. म्हणजे बिल आधी सरकारी पोर्टलवर नोंदतं, तिथून त्याला आयआरएन नावाचा लांब नंबर आणि क्यूआर कोड मिळतो, आणि तीच माहिती पुढे त्यांच्या जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या विवरणात जाते. कागदावर पेनने काहीही लिहिलं तरी पोर्टलवरचं बिल परतूरच्याच नावावर राहतं. आयआरएन रद्द करायला चोवीस तास मिळतात. बिल २४ ला सकाळी ११:४० चं होतं, म्हणजे गाडी आमच्या दारात येण्याआधीच ती मुदत संपली होती. आता मी गाडी निघाली की बिलाचा फोटो मागवते. माल वाटेत असतानाच चूक दिसली तर ती त्याच दिवशी, ई-वे बिल आणि आयआरएन दोन्ही रद्द करून, फुकटात दुरुस्त होते.

२७ तारखेला मेल केला. फोनवर कितीही बोललं तरी पुढे दाखवायला काही उरत नाही, म्हणून. मेलमध्ये तक्रारीचा सूर ठेवला नाही. बिल नंबर, तारीख, मग "बिलावर काय आहे" आणि "काय हवं" असे दोनच भाग. त्यात आमचं नोंदणीचं नाव, पत्ता, जीएसटी नंबर, नळी आणि नोझलला ५ टक्के, पाइपला १८ टक्के, आणि बरोबर एकूण २,३४,०७०. सोबत आमच्या जीएसटी नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, मूळ बिलाचा फोटो, बिल्टीची प्रत आणि १६ तारखेचा तो व्हॉट्सॲप संदेश जोडला. बिल्टीवर माल सेलूला उतरल्याची सही होती. माल आपल्याकडेच आला याचा पुरावा म्हणून ती फार कामाची असते, ती फेकू नये.

चार दिवस उत्तर नाही. १ ऑक्टोबरला व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ आली, खाली "दुरुस्त बिल". उघडलं तर आमचा नंबर, सेलूचा पत्ता, ५ टक्के, २,३४,०७०. मला इतकं हलकं वाटलं की दिरांना हाक मारून सांगितलं, झालं बघा काम.

मग नजर बिल नंबरवर गेली. नंबर तोच, तारीख तीच २४ सप्टेंबर. आयआरएनही तोच दिसत होता. साध्या कॅमेऱ्याने क्यूआर वाचला की नुसती अक्षरांची लांबलचक ओळ येते, त्यातून काही कळत नाही. त्यासाठी ई-इनव्हॉइस तपासण्याचं सरकारी ॲप आहे. ते उघडून कोड धरला. पडद्यावर आलं: घेणाऱ्याचा जीएसटी नंबर, परतूरचा. बिलाची रक्कम, २,४७,११८. वर छापलेलं एक आणि खालच्या चौकोनात दडलेलं दुसरं. त्यांनी टॅलीत बदल करून फक्त छापून पाठवलं होतं, पोर्टलवर काहीच हललं नव्हतं. मी तो कागद हातात धरून बराच वेळ बसले. राग त्यांचा नव्हता आला, कारण त्यांनाही हेच दुरुस्त बिल वाटत असावं. भीती मात्र वाटली. हा कागद फाइलला लावून मी क्रेडिट घेतलं असतं, आणि आमच्या टू-बी मध्ये, म्हणजे विकणाऱ्यांनी भरलेल्या बिलांवरून पोर्टल दर महिन्याला काढतं त्या क्रेडिटच्या यादीत, ते बिल कधीच आलं नसतं. टू-बी मध्ये नसलेल्या बिलाचं क्रेडिट घेता येत नाही.

४ ऑक्टोबरला परभणीला आमच्या कर सल्लागारांकडे गेले. त्यांनी ७०० रुपये घेतले आणि तासभर समजावलं. तिथे जे कळलं त्यातलं बरंच मला आधी माहीत नव्हतं.

दराचं त्यांनी असं सांगितलं. कर बदलतो तेव्हा तीन गोष्टी बघायच्या: माल कधी दिला, बिल कधी केलं, पैसे कधी आले. तीनपैकी ज्या बाजूला दोन पडतात तो दर. आमचे एक लाख आधी गेले होते, पण माल आणि बिल दोन्ही २४ चे, म्हणजे २२ च्या नंतरचे. दोन गोष्टी नव्या बाजूला, म्हणून ५ टक्के. सीजीएसटी कायद्याचं कलम १४ हेच सांगतं. ज्यांचं बिलही आधी झालं होतं आणि पैसेही आधी गेले होते, फक्त माल नंतर मिळाला, त्यांना मात्र जुनाच दर लागतो, म्हणून दुसऱ्याचं उदाहरण बघून भांडायला जाऊ नये. आणि स्टॉकिस्टने तो माल १२ टक्क्यांनी घेतला होता याचा आमच्या बिलाशी संबंध नाही. त्याने भरलेल्या १२ टक्क्यांचं क्रेडिट त्याच्याकडे आहेच, ते तो वापरतो. विकताना दर विक्रीच्या दिवसाचा.

दुसरं, मी मेलमध्ये "रिव्हाइज्ड इनव्हॉइस" मागितलं होतं. सर म्हणाले, "हा शब्द वापरू नका. कायद्यात रिव्हाइज्ड इनव्हॉइस वेगळ्या कामासाठी आहे, नवीन नोंदणी मिळालेल्या माणसाने मधल्या काळातल्या बिलांसाठी करायचं ते. तुम्हाला हवं आहे ते दोन कागदांचं काम आहे." पहिला कागद म्हणजे कलम ३४ प्रमाणे जुन्या बिलाची पूर्ण रकमेची क्रेडिट नोट, म्हणजे ती रक्कम वजा करणारा कागद, ज्याच्या नावावर चुकीचं बिल आहे त्याच्याच नंबरवर, म्हणजे परतूरच्या. दुसरा कागद म्हणजे आमच्या नंबरवर नव्या नंबरचं, नव्या तारखेचं, बरोबर दराचं बिल. नुसता दर चुकला असता आणि नाव बरोबर असतं, तर फरकाच्या रकमेची क्रेडिट नोट आमच्याच नावावर चालली असती. पुढच्या जीएसटीआर-१ मध्ये दुरुस्तीचा तक्ताही असतो. पण इथे माणूसच चुकलेला, दरही चुकलेला, आणि बिल ई-इनव्हॉइस, म्हणून ते पूर्ण मिटवून नवं करणंच सरळ.

नव्या बिलाला मागची तारीख मागू नका, हेही त्यांनी बजावलं. ज्या दिवशी होईल त्या दिवसाची तारीख, आणि शेऱ्यात जुन्या बिलाचा नंबर, ई-वे बिलाचा नंबर आणि माल कधी पोचला ते. तोपर्यंत माल दुकानात आवक म्हणून नोंदवा, खरेदी बिल चढवू नका.

६ तारखेला या पद्धतीने दुसरा मेल केला आणि या वेळी थेट स्टॉकिस्टच्या शेठशी बोलले. शेठनी ऐकून घेतलं. दराचं त्यांना पटलं. पण क्रेडिट नोटवर ते अडले. "परतूरवाल्याच्या नावावर अडीच लाखाची क्रेडिट नोट टाकायची आणि त्याने ती पोर्टलवर नाकारली तर? टॅक्स माझ्या अंगावर येतो." त्यांची भीती खरी होती. २०२४ च्या ऑक्टोबरपासून पोर्टलवर आयएमएस आलं आहे. आपल्या नंबरवर कुणी टाकलेलं बिल किंवा क्रेडिट नोट तिथे दिसते आणि आपण ती स्वीकारू, नाकारू किंवा थांबवून ठेवू शकतो. क्रेडिट नोट नाकारली गेली की विकणाऱ्याचा तेवढा कर पुन्हा वाढतो. म्हणजे आमच्या बिलाची किल्ली आता एका अनोळखी माणसाच्या हातात होती.

११ ऑक्टोबरला स्टॉकिस्टने सप्टेंबरचं जीएसटीआर-१ भरलं, चुकीच्या बिलासकट. टू-बी १४ ला निघणार होतं. मी शेठकडून परतूरच्या दुकानाचा फोन नंबर घेतला, आधी फोन केला आणि १३ तारखेला सकाळच्या रेल्वेने परतूरला गेले. फोनवरच झालं असतं कदाचित, पण आपल्या नावावर कुणाचं तरी बिल पडलंय हे ऐकून माणूस आधी सावध होतो. समोर बसून कागद दाखवणं बरं.

दुकान स्टेशनपासून फार लांब नव्हतं. पाटीवर आमचंच नाव बघून क्षणभर विचित्र वाटलं. मालक साठीचे. मी बिल, बिल्टी आणि मेलची प्रत पुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून बिलावरचा आपला नंबर बोटाने एकेक अक्षर जुळवला आणि म्हणाले, "ताई, नंबर माझाच आहे हो. पण मी तर या हंगामात एक बंडल नाही मागवलं." त्यांनी आपल्या अकाउंटंटला बोलावलं. त्या मुलाने लॉगइन करून आयएमएस उघडलं, तर ते बिल तिथे होतं, २,४७,११८ चं, काहीच न केलेलं. तसंच राहिलं असतं तर ते आपोआप स्वीकारल्यासारखं धरलं गेलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या टू-बी मध्ये २८,२१८ रुपयांचं क्रेडिट दिसलं असतं, जे त्यांचं नव्हतं. मालक घाबरले. न घेतलेल्या मालाचं क्रेडिट चुकून वापरलं गेलं असतं तर नोटीस त्यांना आली असती. माझ्या येण्याचा माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त उपयोग झाला, असं ते दोनदा म्हणाले.

त्यांनी तिथल्या तिथे बिल नाकारलं आणि शेऱ्यात "माल आम्ही घेतलेला नाही" असं लिहिलं. इथे एक गोष्ट मी त्या मुलाशी नीट बोलून घेतली. बिल नाकारलं म्हणून पुढे येणारी क्रेडिट नोटही नाकारायची, असं सहज हातून होऊ शकतं. ती मात्र स्वीकारायची, आणि क्रेडिट घेतलेलंच नाही म्हणून उलटवायची रक्कम शून्य दाखवायची. तशी रक्कम लिहायची सोय २०२५ च्या ऑक्टोबरपासून आयएमएसमध्ये आली आहे. त्याने ते वहीत लिहून घेतलं. मालकांनी त्यांच्या लेटरहेडवर चार ओळी लिहून दिल्या: हा माल आम्ही मागवला नाही, मिळाला नाही, क्रेडिट घेतलं नाही, क्रेडिट नोट आली की स्वीकारू. सही, शिक्का. चहा झाला. पावसाने त्यांच्या गोदामात पाणी शिरलं होतं, खताची पोती खराब झाली होती, त्याचं ते बोलत राहिले. रिक्षा धरून जाण्यायेण्याचे दीडशे रुपये लागले असतील. या सगळ्या खटाटोपात सगळ्यात कामाचा खर्च तोच होता.

घरी येऊन ते पत्र शेठना पाठवलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला, "आता काही अडचण नाही, करतो."

१४ ला आमचं टू-बी उघडलं. त्या बिलाची जागा रिकामी. माहीत असूनही वाईट वाटलं. बरोबर बिलातले ९,३२० आणि पाइपचे ५,८५०, असं १५,१७० रुपयांचं क्रेडिट त्या महिन्यात मिळणार नव्हतं, तेवढा कर रोखीने भरायचा होता. दिवाळी तोंडावर, पावसाने उधारी अडकलेली. सप्टेंबरच्या थ्री-बी ची, म्हणजे कर भरायच्या विवरणाची मुदत पुढे दिवाळीमुळे २५ ऑक्टोबरपर्यंत वाढली, तेवढाच श्वास मिळाला. दीर म्हणाले, क्रेडिट घेऊन टाकू, पुढच्या महिन्यात येणारच आहे की. मी नाही घेतलं. एक महिना थांबलं तर क्रेडिट जात नाही. २०२५-२६ च्या बिलाचं क्रेडिट ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत, किंवा वार्षिक विवरण आधी भरलं तर तोपर्यंत घेता येतं. नसताना घेतलं तर मात्र व्याजासकट परत द्यावं लागू शकतं.

पैशांचंही तेव्हाच ठरवलं. स्टॉकिस्ट बाकीचे मागत होता, आणि घरात एक मत असं होतं की बिल नीट होईपर्यंत एक रुपया द्यायचा नाही. मला ते योग्य वाटलं नाही. माल चांगला होता, तो आम्ही विकत होतो. बरोबर बिल २,३४,०७० चं, त्यातले एक लाख गेलेले. मी आणखी एक लाख पाठवले आणि ३४,०७० नवं बिल टू-बी मध्ये दिसल्यावर देऊ असं मेलवर लिहिलं. कराच्या रकमेच्या दुपटीहून थोडं जास्त अडकवून ठेवलं होतं, पण सगळं नाही. त्यांचा सूर त्यानंतर मऊ झाला.

१६ तारखेला परतूरच्या नंबरवर २,४७,११८ ची क्रेडिट नोट निघाली, तिचाही आयआरएन होता, आणि त्यात मूळ बिलाचा नंबर नि तारीख होती. नव्या बिलाचा मसुदा मात्र मी आधी मागवून घेतला होता. बरं झालं. त्यात या वेळी पीव्हीसी पाइपलाही ५ टक्के लावलेले होते. घाईत सगळ्याच ओळींचा दर बदलला गेला होता. ठिबकची नळी ८४२४ या एचएसएनखाली, म्हणजे मालाच्या कोडखाली, तिचा कर कमी झाला. साधा पाइप ३९१७ खाली, तो १८ वरच आहे. आमचे ४,२२५ रुपये वाचले असते, पण ते बिलही चुकीचंच ठरलं असतं. मी फोन करून सांगितलं तेव्हा अकाउंटंट क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "वहिनी, तुम्ही बघितलं म्हणून. नाहीतर परत क्रेडिट नोट."

१७ ऑक्टोबरला नवं बिल आलं. या वेळी आधी ॲप उघडलं, मग कागद वाचला. क्यूआरमध्ये आमचा नंबर, रक्कम २,३४,०७०, आयआरएन नवा. शेऱ्यात जुन्या बिलाचा, क्रेडिट नोटचा आणि ई-वे बिलाचा नंबर. माल आधीच पोचलेला असल्याने नवं ई-वे बिल काढलं नाही. जुनं ई-वे बिल परतूरच्याच नावावर राहिलं, ते आता बदलत नाही. कधी विचारणा झाली तर म्हणून बिल्टी, परतूरचं पत्र, दोन्ही बिलं आणि क्रेडिट नोट एकत्र टाचून ठेवली आहेत. वाटेत तपासणी झाली असती तर गाडी अडली असती, हे आठवलं की अजून धस्स होतं.

दिवाळी झाली. नोव्हेंबरच्या ११ तारखेपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं. १२ ला परतूरला फोन केला. मालक म्हणाले, "ताई, तुमची ती नोट आली, पोराने स्वीकारली, शून्य टाकून." १४ तारखेला सकाळी टू-बी उघडलं. स्टॉकिस्टच्या नावापुढे १७ ऑक्टोबरचं बिल, सीजीएसटी ७,५८५, एसजीएसटी ७,५८५. मी दिरांना दाखवलं, ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. त्या दिवशी बिल टॅलीत चढवलं, आवकेची नोंद त्याला जोडली आणि दुपारी ३४,०७० पाठवून दिले. २० तारखेच्या आत ऑक्टोबरच्या थ्री-बी मध्ये क्रेडिट घेतलं.

नोव्हेंबरच्या शेवटी हरभऱ्यासाठी तुषारचे संच मागवले. गाडी निघायच्या आधी अकाउंटंटनी स्वतःहून बिलाचा फोटो पाठवला. आमच्या नावापुढे त्यांनी आता "सेलू" जोडलं आहे. मी नंबर जुळवला, दर बघितले, क्यूआर तपासला आणि लिहिलं, गाडी सोडा.